कॅरेट म्हणजे साइज नाही! खड्यांच्या धंद्यात बिलावर मिलिमीटर लिहाच

रत्नांचा किंवा इमिटेशन ज्वेलरीचा धंदा सुरू करायचा म्हणणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. "सर, पाच कॅरेटचा पुष्कराज एवढासा आणि पाच कॅरेटचा सुनेला एवढा मोठा, मग वजनात फसवणूक झाली का?" तर नाही, काटा बरोबर असतो. चूक असते ती कॅरेटला साइज समजण्यात.

कॅरेट हे फक्त वजनाचं माप आहे. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजे पाच कॅरेटचा कुठलाही खडा बरोबर १ ग्रॅम भरणार. आता एक किलो कापूस आणि एक किलो लोखंड शेजारी ठेवा. वजन तेच, पण ढीग केवढा वेगळा! खड्यांचंही तसंच आहे. एखादा पदार्थ तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा किती पट जड आहे, त्या आकड्याला विशिष्ट गुरुत्व, म्हणजेच स्पेसिफिक ग्रॅव्हिटी म्हणतात. पुष्कराजाचा (हा पिवळा नीलमच) आकडा साधारण ४.०० आणि सुनेल्याचा २.६५. म्हणजे पुष्कराज जवळपास दीडपट जड, आणि तेवढ्याच वजनात जागा कमी व्यापणारा.

आता हिशोब करू. ओव्हल खड्याच्या वजनाचा अंदाज काढायला हे सूत्र वापरतात:

सरासरी व्यास × सरासरी व्यास × खोली × विशिष्ट गुरुत्व × ०.००२० = कॅरेट

सगळी मापं मिलिमीटरमध्ये घ्यायची. सरासरी व्यास म्हणजे लांबी आणि रुंदीची बेरीज भागिले दोन. समजा पुष्कराज ११ × ९ मिमी आणि खोली ६.२५ मिमी आहे. सरासरी व्यास १०. मग १० × १० × ६.२५ × ४ × ०.००२० = ५ कॅरेट. अगदी त्याच मापाचा सुनेला घेतला तर ४ च्या जागी २.६५ येईल आणि उत्तर साधारण ३.३ कॅरेट. सुनेला पाच कॅरेटचाच हवा असेल तर तो अंदाजे १२.६ × १०.३ × ७.२ मिमीचा लागेल. म्हणून तो वरून मोठा दिसतो.

पण दोन्ही खडे पुष्कराजच असले तरी साइज वेगळी दिसू शकते, आणि इथे खरा पैसा अडकतो. दुसरा पुष्कराज बघा: १० × ८ मिमी, खोली ७.७ मिमी. सूत्रात घातलं की हाही ५ कॅरेटच! वजन गेलं कुठे? खालच्या पोटात. अंगठीत ते दिसत नाही, पण भाव कॅरेटवर असल्यामुळे पैसे तेवढेच द्यावे लागतात. वर असा पोटाळ खडा अंगठीत उंच बसतो किंवा खालून बोटाला टोचतो.

याचा अर्थ पसरट खडा नेहमी चांगला असंही नाही. खोली फार कमी असेल तर प्रकाश परत न येता आरपार जातो. पारदर्शक खडा छापील कागदावर पालथा न ठेवता, सपाट तोंड वर करून धरा. मधून खालची अक्षरं दिसली तर खडा मोठा असूनही मध्ये फिका दिसणार. त्याला बाजारात विंडो म्हणतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: फक्त कॅरेट आणि भाव लिहिलेलं बिल हे अर्धवट बिल आहे. लांबी, रुंदी, खोली ही तीन मापं बिलावर आणि ऑनलाइन लिस्टिंगवर असलीच पाहिजेत. काही जण म्हणतील, "गिऱ्हाईक खोली विचारतच नाही, कशाला सांगायची?" अहो, पार्सल उघडल्यावर "फोटोत मोठा वाटला होता" म्हणून रिटर्न येतो ना, तो इथूनच! आणि तयार कोंदणासाठी माल मागवताना तर आधी मिलिमीटर सांगा, कॅरेट नंतर. ८ × ६ च्या कोंदणात ८ × ६ चाच खडा बसतो, मग तो कितीही कॅरेटचा असो.

डिजिटल व्हर्निअर आणि कॅरेटचा काटा, या दोन वस्तू असल्या की आणखी एक फायदा होतो. पुष्कराज म्हणून आलेल्या मोकळ्या खड्याची मापं सूत्रात घाला. उत्तर ५ आलं आणि काट्यावर ३.३ दिसलं, तर थांबा, शंका घ्या. कट वेगळा असेल तर थोडा फरक पडतोच, पण एवढा नाही.

मर्यादाही लक्षात ठेवा. प्रयोगशाळेत बनवलेल्या पुष्कराजाचं विशिष्ट गुरुत्व खाणीतल्या पुष्कराजाइतकंच असतं, त्यामुळे आकडा जुळला म्हणून तो नैसर्गिक ठरत नाही. त्यासाठी लॅबचा रिपोर्टच लागतो. आणि त्या रिपोर्टवरही कॅरेटसोबत मिलिमीटर छापलेले असतात. मग तुमच्या बिलावर का नकोत?