हसरा चेहरा पहिला, पण कोणाच्या मोजणीत?

२०२१ हे एकच वर्ष पाहावे. मार्चमध्ये इमोजीपीडियाने ट्विटरवरील संदेशांची मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणाऱ्या 😂 ला मागे टाकून ओक्साबोक्शी रडणारा 😭 पहिला आला होता. डिसेंबरमध्ये इमोजींना संकेतांक देणाऱ्या युनिकोड कन्सॉर्टियमने आपली जागतिक क्रमवारी जाहीर केली. तिच्यात 😂 पहिला, ❤️ दुसरे आणि 😭 पाचवा.

नऊ महिन्यांत जग रडणे आवरून हसू लागले, असे कोणी म्हणणार नाही. पहिल्या यादीत एकाच व्यासपीठावरचे, चारचौघांत केलेले बोलणे होते. दुसरीत अनेक स्रोत एकत्र केलेले होते. बखर आणि खाजगी पत्र यांची साक्ष एकाच तराजूत तोलू नये, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. इमोजींच्या याद्या वाचताना मात्र हा विवेक सर्रास गळून पडतो.

😂 वर का राहतो, याचे उत्तर त्याच्या कामात आहे. केक वाढदिवसाला लागतो, छत्री पावसात. हा चेहरा विनोदाला लागतोच, शिवाय टोमणा बोथट करायला, स्वतःची फजिती सांगायला आणि उत्तर न सुचल्यास वेळ मारून न्यायलाही चालतो. तरीही 'पहिला' म्हणजे 'बहुसंख्य' नव्हे. युनिकोडच्या त्या यादीत त्याचा वाटा पाच टक्क्यांहून थोडासाच अधिक होता.

इथे एक मोह आवरावा लागतो. ऑक्सफर्ड डिक्शनरीजने २०१५ चा 'वर्षाचा शब्द' म्हणून 😂 निवडला, तेव्हा ब्रिटनमधील इमोजी-वापरात त्याचा वाटा २० टक्के सांगितला होता. मग सहा वर्षांत तो विसावरून पाचावर घसरला का? तसे म्हणता येत नाही. आधीचा आकडा एका देशाचा आणि स्विफ्टकी या एका कळफलकाच्या नोंदींवर आधारलेला, नंतरचा जगाचा. दोन्ही एका रेषेवर मांडले की घसरण दिसते खरी, पण ती रेषा आखणाऱ्याने निर्माण केलेली असते.

वयाचा प्रश्न याहून अवघड आहे. २०२१ च्या सुमारास इंग्रजी बोलणाऱ्या तरुणांत 😂 हा थोरामोठ्यांचा, जुनाट चेहरा ठरू लागला. त्यांनी हसणे सोडले नाही. 'हसून मेलो' म्हणून 💀 आणि 'हसून रडलो' म्हणून 😭 वापरायला घेतले. मोजणी करणारे यंत्र चिन्ह पाहते, आशय पाहत नाही. म्हणून ट्विटरवरील 😭 च्या विजयात हास्याचा वाटा किती, हे क्रमवारी पाहून कळत नाही. त्यासाठी चिन्हाशेजारचे वाक्यच वाचावे लागते.

देशांच्या तुलनेतही हेच घडते. स्विफ्टकीच्या २०१५ च्या अहवालात फ्रेंच लिहिणारे इतरांच्या चौपट हृदये पाठवत असल्याचे आढळले. हसरा चेहरा पहिला नसलेली ती एकमेव भाषा होती. वृत्तपत्रांना फ्रेंचांच्या प्रणयी स्वभावाचा आयता पुरावा मिळाला. पण अहवालातला तो गट भाषेचा होता, देशाचा नव्हे. शिवाय पत्राच्या शेवटी 'चुंबने' लिहिण्याची फ्रेंचांची रीत जुनी आहे. निरोपाचे हृदय आणि प्रेमाचे हृदय यादीत एकाच रकान्यात पडतात.

आणि कधी कधी माणूस मुळात नसतोच. मॅथ्यू रोथेनबर्ग यांचे इमोजीट्रॅकर हे संकेतस्थळ २०१३ पासून ट्विटरवरील इमोजी क्षणोक्षणी मोजत असे. २०१८ मध्ये तिथे ♻️ हे पुनर्वापराचे चिन्ह आघाडीच्या इमोजींमध्ये जाऊन बसले. पर्यावरणाचा उमाळा आला म्हणावे, तर बाकीच्या व्यासपीठांवर त्याचा मागमूस नव्हता. शोध घेता असे संदेश बहुतांशी अरबीत निघाले. वापरकर्त्यांच्या खात्यांवरून आपोआप प्रार्थना प्रसिद्ध करणारी ॲप होती, आणि 'हा संदेश पुढे पाठवा' या अर्थाने त्यांत ते चिन्ह जोडलेले असे. एखादे चिन्ह एकाच व्यासपीठावर, एकाच भाषेत, ठरावीक मजकुरासह फुगले की यंत्राचा संशय घ्यावा, तो असा.

भारताच्या बाबतीत अडचण उलटी आहे. इथले बहुतेक बोलणे व्हॉट्सॲपवर चालते आणि एप्रिल २०१६ पासून तिथले संदेश पाठवणारा व घेणारा यांच्याखेरीज कोणाला वाचता येत नाहीत. उघड्या संदेशांवर बेतलेल्या यादीत मराठी कुटुंबांच्या गटांतले सकाळचे 🙏 आणि 💐 येतच नाहीत. ते दिसले तर फक्त कळफलक बनवणाऱ्या कंपन्यांना, आणि तेही त्यांचा कळफलक वापरणाऱ्यांपुरते.