चष्म्याचे पॅकेज : तेराशे रुपयांत नेमके काय मिळते?

घाटनांदूरच्या ग्राहकाने चष्म्यासाठी अंबाजोगाई, परळी किंवा लातूर गाठले, तर बहुतेकदा त्याला तीन दर ऐकावे लागतात: फ्रेमचा, काचेचा आणि कोटिंगचा. फ्रेमवर चिठ्ठी असते. काचेचा आकडा मात्र नंबर पाहून तोंडी सांगितला जातो. त्यामुळे दोन दुकानांची तुलना होतच नाही. तिन्ही मिळून एकच किंमत सांगणारे पॅकेज म्हणूनच चांगले. अमेरिकेत वॉर्बी पार्कर कंपनीने २०१० मध्ये नंबरच्या काचांसह ९५ डॉलर अशीच सुरुवात केली होती.

पण पॅकेजची किंमत कोणत्या नंबरपर्यंत लागू आहे, हे पाटीवर क्वचितच असते. गोम तिथेच आहे.

समजा, एका दुकानात फ्रेम ७००, साधी १.५६ ची काच ४०० आणि कोटिंग ३०० रुपये, म्हणजे १,४०० झाले. शेजारी पॅकेज १,३०० ला आहे. (आकडे केवळ उदाहरणादाखल.) नंबर उणे दीड असेल तर पॅकेज स्वस्त. नंबर उणे साडेचार असेल तर १.५६ ची काच कडेला जाड दिसते, म्हणून १.६० ची पातळ काच सुचवली जाते. पहिल्या दुकानात ती ९०० ला, एकूण १,९००. पॅकेजवाला वर ७०० मागतो, एकूण २,०००. स्वस्त दुकान महाग झाले! सिलिंडरचा नंबर मोठा असला किंवा बायफोकल, प्रोग्रेसिव्ह काच हवी असली, तरी असेच घडते.

म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी आधी पुढे करावी आणि ‘या नंबरला, सगळे मिळून किती?’ एवढेच विचारावे. काचेचा १.५६ किंवा १.६० हा आकडा बिलावर लिहून घ्यावा. तो सारखा नसेल तर दोन किमतींची तुलना व्यर्थ.

कोटिंग घरीही तपासता येते. चष्मा ट्यूबलाइटखाली तिरका धरा. प्रतिबिंब फिकट हिरवे किंवा निळसर दिसले तर अँटी-ग्लेअर आहे. पांढरे लख्ख दिसले तर नाही. ‘ब्लू कट’साठी मात्र जादा पैसे मोजण्याआधी थांबावे. कॉक्रेनच्या २०२३ मधील आढाव्यात, अशा काचांनी स्क्रीनसमोरचा डोळ्यांचा ताण साध्या काचांपेक्षा कमी होतो, असे आढळले नाही.

दुकानदारांकडून अपेक्षा फार नाही. पाटीवर प्रत्येक पॅकेजसमोर काचेचा आकडा आणि नंबरची मर्यादा लिहावी. शेवटी एक ओळ ‘फक्त काचा, तुमच्या फ्रेममध्ये’ अशी असावी आणि तिच्यापुढे दर असावा. ज्याची जुनी फ्रेम धड आहे, त्याने पॅकेजमधल्या नव्या फ्रेमचे पैसे का द्यावेत?