कागदाला माफी, पाटल्यांना कर

गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या खालाने पाटल्या विकल्या. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी. त्या १९८६ साली निकाहाच्या वेळी तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या नानांनी घातलेल्या. पावती कुठली असणार! सराफाने घट काढून पन्नास ग्रॅम धरले आणि विचारलं, "पॅन कुणाचं लिहू?" सोबत गेलेल्या मुलाने स्वतःचं कार्ड पुढे केलं. अम्मीला बँकेत कशाला चकरा, असा त्याचा साधा विचार. चेक त्याच्या खात्यात जमा झाला, फी भरली गेली आणि विषय संपला असं सगळ्यांनाच वाटलं. यंदा विवरणपत्र भरताना तो पुन्हा निघाला.

दागिने विकून आलेला पैसा म्हणजे घरचंच सोनं, त्यावर कसला कर, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. कायदा तसं मानत नाही. घरातली भांडी, कपडे, फर्निचर विकलं तर भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही, पण त्या यादीतून दागिने मुद्दाम वगळलेले आहेत. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ जवळ असलेलं सोनं विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के आणि त्या करावर चार टक्के उपकर. जुना दागिना देऊन नवा घेतला तरी तो कायद्याच्या लेखी व्यवहारच. आणि विवाहित स्त्रीला पाचशे ग्रॅमपर्यंत सोनं 'माफ' असतं असा जो संदेश फोनवर फिरतो, तो १९९४ च्या एका सूचनेचा विपर्यास आहे. धाड पडली तर तेवढं सोनं जप्त करू नये, एवढंच त्या सूचनेत आहे. विक्रीच्या नफ्याशी तिचा संबंध नाही.

आता दुसरं सोनं पाहा. नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारने सुवर्ण रोख्यांची पहिली मालिका काढली, ग्रॅमला २,६८४ रुपये. आठ वर्षांनी, ३० नोव्हेंबर २०२३ ला, तिची परतफेड झाली ६,१३२ रुपयांनी. ज्याने पन्नास ग्रॅमचे रोखे घेतले त्याचे १,३४,२०० रुपये ३,०६,६०० झाले. नफा १,७२,४०० रुपये आणि त्यावर कर शून्य, कारण २०१६ च्या अर्थसंकल्पाने व्यक्तीला परतफेडीवर मिळणारा नफा करमुक्त केला होता. वर दरवर्षी पावणेतीन टक्के व्याज. ते मात्र करपात्र. तेवढाच नफा कुणाला दागिन्यांवर झाला असता तर आजच्या दराने २२,४१२ रुपये भरावे लागले असते.

खालाच्या पाटल्यांचा हिशेब करू. ग्रॅमला ९,००० रुपये धरले तर विक्री साडेचार लाखांची. २००१ पूर्वीच्या सोन्यासाठी १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत खरेदीकिंमत म्हणून धरता येते. तेव्हा शुद्ध सोनं दहा ग्रॅमला ४,३०० रुपयांच्या आसपास होतं. पाटल्या बावीस कॅरेटच्या, म्हणून पन्नास ग्रॅमचे वीस हजार धरू. नफा झाला ४,३०,००० रुपये.

खाला विधवा आहे, तिला दुसरं उत्पन्न नाही. नव्या कररचनेत तिची चार लाखांची मूळ मर्यादा कोरीच आहे आणि ती या नफ्यातून वजा करता येते. उरले तीस हजार. त्यावर कर उपकरासह ३,९०० रुपये. पण मुलाची मर्यादा त्याच्या पगारातच संपलेली. त्याच्या नावावर तोच नफा दाखवला तर ५५,९०० रुपये! सोनं तिचं, तिच्या बापाने दिलेलं, हे मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक आहे, पण सराफाच्या कागदावर विकणारा तो आहे. सोनं अम्मीचं होतं हे आता त्याला सिद्ध करत बसावं लागतंय.

या गोंधळात त्याची चूक आहेच. पण मूळ प्रश्न चुकीचा नाही. खालाने सगळं बरोबर केलं असतं, तरी तिला कर होताच आणि रोखेवाल्याला नव्हता, असं का?

सरकारचं उत्तर ठरलेलं आहे. सोनं परदेशातून येतं, परकीय चलन जातं. लोकांनी धातूऐवजी कागद घ्यावा म्हणून सवलत. मान्य. मग खालाच्या पाटल्यांचं काय झालं? सराफाने त्या वितळवल्या आणि कुणासाठी तरी नवा दागिना घडला. तेवढं सोनं बाहेरून आणावं लागलं नाही. आयात कमी करणं हाच हेतू असेल, तर कपाटातलं जुनं सोनं बाजारात आणणारी बाई रोखेवाल्याइतकीच कामाची आहे. तिला मात्र आपण कराने सांगतो की, बाई, सोनं डब्यातच राहू दे.

शिवाय तो सवलतीचा दरवाजा सगळ्यांसाठी कधी उघडाच नव्हता. रोख्यावर व्याज होतं आणि बिनव्याजी रोखा हा पर्याय योजनेत नव्हता. व्याज टाळणारी जी कुटुंबं आपल्याकडे आहेत, ती या कारणाने बाहेर राहिली. काहींनी रोखे घेतले आणि व्याज गरिबांना देऊन टाकलं, पण त्यावरचा कर स्वतःच्या खिशातून भरला. फेब्रुवारी २०२४ नंतर नवी मालिका निघालेली नाही. आणि २०२६ च्या अर्थसंकल्पाने उरलेली माफीही फक्त मूळ विक्रीत घेऊन मुदत संपेपर्यंत रोखा ठेवणाऱ्यांपुरती आवळली. ज्याच्याकडे तेव्हा पैसा होता आणि आठ वर्षं त्याला हात लावायची वेळ आली नाही, त्याला माफी. अडीनडीला दागिना मोडणाऱ्याला कर.

जुलै २०२४ मध्ये महागाईचा निर्देशांक काढून घेतला म्हणून बरेच लोक रडतात. सोन्यापुरता मी त्या रडण्यात नाही. सोनं महागाईपेक्षा इतकं पुढे पळालंय की पूर्वीच्या वीस टक्क्यांपेक्षा आताचा साडेबारा टक्के बहुतेक जुन्या दागिन्यांना हलकाच पडतो. माझी तक्रार दराची नाही, भेदाची आहे. दागिने विकून आलेल्या पैशातून स्वतःच्या नावे घर घेतलं तर अटींसह नफ्यावर सूट मिळते. मुलीच्या फीला मिळत नाही.

माझी मागणी मोठी नाही. लग्नात किंवा वारशाने आलेलं, समजा शंभर ग्रॅमपर्यंतचं सोनं, आयुष्यात एकदा, विकणाऱ्या बाईच्याच पॅनवर आणि पैसे तिच्याच खात्यात घेऊन विकलं, तर नफा माफ करा. काळ्या पैशाची भीती घालणाऱ्यांनी या अटी पुन्हा वाचाव्यात. आज जे व्यवहार रोखीत, बिनपावतीचे होतात, तेच यामुळे बँकेतून होतील.

तोवर खालाकडे एक चंपाकळी उरली आहे. तिचं वजन आणि शुद्धता लिहून घेतली आहे, नोंदणीकृत मूल्यांककाकडून २००१ ची किंमतही काढून घेणार आहोत. सोबत निकाहाचा एक फोटो ठेवलाय, ज्यात चंपाकळी गळ्यात स्पष्ट दिसते. आणि खालाचं बंद पडलेलं बँक खातं परवाच पुन्हा सुरू करून आलो.