विश्लेषण : चिंध्यांचा धंदा शिलाई मशीनवर नव्हे, वजनकाट्यावर चालतो

शाळा सुरू होण्याआधीचे दोन-तीन महिने सोलापुरातील गणवेशाच्या कारखान्यांत उसंत नसते. कटिंगच्या टेबलाखाली निळ्या, खाकी, पांढऱ्या कात्रणांचा ढीग साचतो आणि संध्याकाळी तो झाडून गोणीत भरला जातो. हीच गोणी पाहून अनेक तरुणांना आणि बचत गटांना व्यवसायाची कल्पना सुचते. कापड फुकट आहे, मग पिशव्या शिवून विकू. शिलाई मशीन घेतली जाते, कर्ज काढले जाते आणि वर्षभरात मशीनवर कव्हर चढते. कल्पना वाईट नसते. हिशेब चुकीच्या टोकापासून मांडलेला असतो.

फुकटचे कापड महाग का पडते?

नव्या कापडाची पिशवी शिवायला दोन तुकडे आणि दोन बंद पुरतात. तीच पिशवी कात्रणांतून करायची तर वीस-पंचवीस तुकडे निवडा, कडा सरळ कापा, जोडा, इस्त्री करा आणि मग शिवा. कापडाचे पैसे वाचतात, पण वेळ कितीतरी पटीने वाढतो. साध्या पिशवीच्या किमतीत कापडापेक्षा मजुरीच मोठी असते. म्हणजे स्वस्त वस्तू वाचवण्यासाठी महाग वस्तू खर्च होते. ग्राहक मात्र पिशवीचेच पैसे देतो, जोडकामाचे नाही.

मग पैसा कशात आहे?

वेगळे करण्यात. व्यापारातील वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात चिंध्यांचा क्रमांक 6310 आहे आणि तिथेही दोनच भाग आहेत : निवडलेल्या आणि इतर. बाजारही याच रेषेवर चालतो. सुती कापड तेल आणि पाणी शोषते, म्हणून गॅरेज, छापखाने आणि यंत्रशाळांना ते पुसायला हवे असते. सुती होजिअरीचे कात्रण यंत्रात पिंजून त्याचे पुन्हा सूत होते. पानिपत हे या कामाचे देशातील मोठे केंद्र आहे. टेरीकॉटचे बारीक तुकडे फार तर गादीत, उशीत भरायला जातात. तिन्ही एका गोणीत आले, की त्या गोणीला सर्वांत हलक्या मालाचा भाव मिळतो.

ओळखायचे कसे?

काडेपेटी आणि पाणी पुरते. तुकड्यातला एक धागा चिमट्यात धरून जाळावा. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरतो. टेरीकॉट दोन्ही दाखवते : थोडी राख, त्यात कडक खडा. ही परीक्षा कात्रणाच्या ढिगापासून दूर, पाण्याची बादली जवळ ठेवूनच करायची.

पाण्याची परीक्षा पुसण्याच्या कापडासाठी. थेंब टाकावा, तो वरच गोळा होऊन राहिला, तर ते कापड पुसायला चालणार नाही. कोऱ्या सुती कापडावरही असे होते, कारण त्यावर खळ असते. म्हणूनच गॅरेजवाला धुवट बनियन पसंत करतो आणि कोऱ्या कात्रणाला नाके मुरडतो. ते एकदा धुऊन द्यायचे, तर तो खर्चही धरावा लागतो.

शंभर किलोचा हिशेब कसा दिसतो?

कापणीत साधारण 10 ते 15 टक्के कापड वाया जाते असे धरले जाते. म्हणजे दिवसाला शंभर किलो कापड कापणाऱ्या कारखान्यातून 10 ते 15 किलो कात्रण निघेल. आठ-दहा कारखाने जोडले की शंभर किलो जमते. पुढचे दर गृहीत धरलेले आहेत. ते गावागणिक बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

मिसळलेला माल 6 रुपये किलोने घेतला : 600 रुपये. निवडायला दोन बायका, प्रत्येकी 450 : 900. टेम्पो 300, गोणी-सुतळी 50. एकूण खर्च 1,850. निवडल्यावर 25 किलो सुती 25 रुपयांनी, 20 किलो मोठे तुकडे 40 रुपयांनी आणि 45 किलो बारीक टेरीकॉट 5 रुपयांनी विकले. हाती 1,650 आले. उरलेले 10 किलो म्हणजे बकरम, इलॅस्टिक, कागद आणि केर. दोनशे रुपये तोटा.

आता कारखान्यातच तीन गोण्या टांगल्या : सुती, टेरीकॉट आणि तळहातापेक्षा मोठे तुकडे. या त्रासाबद्दल मालकाला 6 ऐवजी 8 रुपये दिले. खरेदी 800 झाली, पण निवडायला एकच बाई पुरली : 450. टेम्पो आणि गोण्या धरून खर्च 1,600. माल पायदळी न आल्याने केर 5 किलोवर आला. सुती 28, मोठे तुकडे 24, टेरीकॉट 43 किलो निघाले. विक्री 1,875, म्हणजे 275 रुपये नफा. त्याच टेम्पोत दोनशे किलो आले, तर भाडे तेवढेच राहून नफा 850 होतो.

माल महाग घेतला आणि तोट्याचा फायदा झाला. हा धंदा नेमका इथे आहे. कटिंग मास्टरचा हात कात्रण टाकताना योग्य गोणीकडे वळला पाहिजे. म्हणून पहिली गुंतवणूक वजनकाट्यात, गोण्यांत आणि दर आठवड्याला न चुकता रोख देण्यात करायला हवी. एक फेरी चुकली, तरी मालक गोणी कचरागाडीत टाकून मोकळा होतो.

बिनसते कुठे?

पहिले, ओल. पावसाळ्यात सुती कात्रण दमट होते, वजन वाढते आणि कुबट वास येतो. गोणीत कोपरापर्यंत हात घालून मधला माल पाहिल्याशिवाय घेऊ नये. दुसरे, टाचण्या, सुया आणि बटणे. पिंजणाऱ्या यंत्रात धातू गेला तर ठिणगी उडते आणि कापसाचा भुगा पेट घेतो. असा माल एकदा गेला, की गिऱ्हाईक तुटते. तिसरे, ताणणारे कापड. त्यातले इलॅस्टिक धागे पिंजताना यंत्राला गुंडाळतात, म्हणून ते सुती होजिअरीत मिसळू नये. चौथे, हंगाम. गणवेशाचे काम ओसरले की आवक घटते. तेव्हा ब्लाऊज-ड्रेस शिवणाऱ्यांची कात्रणे लागतात आणि त्यांत रंग, पोत, अस्तर सगळेच मिसळलेले असते.

न विकल्या गेलेल्या टेरीकॉटसाठी भट्टीवाले येतात. तो मार्ग टाळावा. वितळणाऱ्या कापडाचा धूर आजूबाजूच्या वस्तीला भोगावा लागतो.

शिवायचेच नाही का?

शिवायचे, पण निवडल्यानंतर. गणवेशाच्या कात्रणाला एक गुण आहे : एकच रंग आणि बाहीच्या, गळ्याच्या घेरातून पडणारा एकाच आकाराचा तुकडा, तोही शेकड्यांनी. त्यातून पेन्सिलपाऊच किंवा भांडी धरायच्या चिमट्या जोडकाम न करता होतात. आधी ऑर्डर घ्यावी, तेवढेच शिवावे.

बचत गटांना मदत म्हणून शिलाई मशीन वाटण्याची रीत जुनी आहे. मशीन फोटोत चांगली दिसते, वजनकाटा दिसत नाही. कात्रणाच्या कामासाठी मात्र उजेडाचे टेबल, काटा, कोरडी खोली आणि भुग्यापासून बचावाला नाकावर बांधायचे मास्क आधी द्यायला हवेत. 24 किलो मोठे तुकडे दररोज वेगळे होऊ लागले, की त्यांचे काय शिवायचे हे त्याच बायका ठरवतील.