विश्लेषण : गंजाचा डाग खाली, कारण वर

बंगळुरू : जुन्या गृहसंकुलांत छताचे पोपडे निघाले की प्लास्टर व रंग लावून ते झाकले जातात, काही पावसाळ्यांनंतर तोच भाग पुन्हा सुटतो. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटची क्षारता घटते, सळईचे संरक्षण संपते आणि गळतीच्या पाण्याने ती गंजते. गंज मूळ पोलादाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट फुटते.

गुरुग्राममधील चिंटेल्स पॅराडायसो संकुलात फेब्रुवारी २०२२ मध्ये इमारतीचा भाग कोसळून दोन महिलांचा मृत्यू झाला. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत तेथील काँक्रीटमध्येच क्लोराइड आढळले. अशा वेळी ठिगळ पुरत नाही. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी चाचणी आवश्यक ठरते.

दुरुस्तीचा आरंभ वरील गळती थांबवून आणि टेकू देऊन होतो. हातोडीने ठोकल्यावर पोकळ वाजणारा भाग सळईच्या मागेपर्यंत फोडला जातो. गंज काढून, झिजलेल्या सळईला जोड देऊन गंजरोधक लेप लावतात. त्यानंतर पॉलिमर मॉर्टर थराथराने भरतात.

पुढे आलेल्या बाल्कनीचा भार मात्र स्लॅबच्या वरच्या बाजूच्या सळया पेलतात. त्यामुळे तळ दुरुस्त झाला तरी लादी उचलून वरून तपासणी केल्याशिवाय ती सुरक्षित मानता येत नाही.