दाखला मागच्या वर्षाचा, फी यंदाची



मराठवाड्यातल्या आमच्या एका सहकाऱ्याची मुलगी बी.एस्सी. कृषीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुलै 2025 मध्ये तिने एका खाजगी निधीकडे शिष्यवृत्तीचा अर्ज केला. निधीची उत्पन्नमर्यादा दीड लाख, आणि तहसीलचा दाखला निघाला 1,65,000 रुपयांचा. सप्टेंबरच्या सुरुवातीला नकाराचे पत्र आले.

समितीचे काही चुकले नव्हते. दाखला 2024-25 या आर्थिक वर्षाचा होता आणि त्या वर्षी घरात तेवढे उत्पन्न खरोखरच होते. पाच एकरांत 35 क्विंटल सोयाबीन झाले, 4,200 च्या भावाने 1,47,000 आले, खर्च 90,000 वजा जाता 57,000 उरले. शिवाय बाप दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, महिना 9,000 प्रमाणे वर्षाचे 1,08,000. मात्र 31 मार्चनंतर जे घडते ते त्या दाखल्यात येतच नाही. पगारदाराच्या घरी त्याने फारसे बिघडत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी एका पावसात सगळे हिशेब उलटतात.

इथे तसेच झाले. ऑगस्टच्या शेवटी बापाचे खुब्याचे हाड मोडले आणि पगार थांबला. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात उभे राहिले. नोव्हेंबरात फेरविचाराचे पत्र लिहायचे ठरले, आणि पहिला मसुदा आम्हीच लिहिला. तो मोर्चाच्या निवेदनासारखा झाला : शेतकऱ्यावर अन्याय, शासनाचे धोरण, भावाची लूट. त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते, पण त्यावरून समितीला काहीच ठरवता आले नसते. मुलीनेच तो बाजूला ठेवला. ती म्हणाली, ‘काका, त्यांना आपला राग कळवायचा नाही, आपला हिशेब कळवायचा आहे.’

मग तिने लिहिलेले पत्र एका पानाचे होते. पहिल्या परिच्छेदात अर्ज क्रमांक, नकाराची तारीख आणि एक कबुली : ‘दाखल्यातील उत्पन्न बरोबर आहे. त्यानंतर परिस्थिती बदलली, म्हणून फेरविचाराची विनंती करते.’ ही कबुली महत्त्वाची. आपण जुन्या दाखल्यालाच खोटे म्हटले, तर नव्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवील?

दुसऱ्या परिच्छेदात यंदाचा हिशेब होता. एप्रिल ते ऑगस्ट पगार 45,000. सोयाबीन 10 क्विंटल, डागी म्हणून भाव 3,000, आले 30,000. खर्च 84,000, कारण काढणीचे थोडे वाचले तरी बी, खत, फवारणी आधीच होऊन गेली होती. म्हणजे शेतीत तोटा 54,000. नुकसानीचे शासकीय अनुदान 17,000 जमा झाले होते. तेही तिने लिहिले. घरच्यांना ते लिहू नये असे वाटत होते. पण पासबुकाची प्रत सोबत जाणार होती, आणि लपवलेली एक रक्कम बाकी सगळे आकडे संशयात टाकते. सगळी बेरीज-वजाबाकी करून त्या दिवसापर्यंत घरात उरले 8,000. दवाखान्याचा खर्च यात धरलाच नव्हता. तो वेगळ्या ओळीत होता.

प्रत्येक आकड्यामागे एक कागद लावला : आडतीची पट्टी, पंचनाम्याची प्रत, दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, पगार थांबल्याची मालकाची सही असलेली चिठ्ठी, पहिल्या वर्षाची गुणपत्रिका. शेवटी मागणी नेमकी होती : वसतिगृह व खाणावळीचा दुसरा हप्ता 26,000, जानेवारीपूर्वी, पूर्ण शक्य नसल्यास काही भाग.

समितीने 15,000 मंजूर केले आणि पुढील वर्षी नव्या दाखल्यासह पुन्हा अर्ज करण्यास कळवले. उरलेले 11,000 घरच्यांनी हातउसने उभे केले. मुलगी वसतिगृहात आहे.

या मार्गाची मर्यादाही सांगितली पाहिजे. खाजगी निधीच्या समितीला आपल्या निर्णयाचा फेरविचार करण्याची मोकळीक बहुधा असते. शासकीय योजनेत उत्पन्नाची मर्यादा नियमाने बांधलेली असते, आणि तिथला कारकून कितीही भला असला तरी दाखल्यापलीकडे जाऊ शकत नाही. तिथे पुढील आर्थिक वर्षाचा दाखला काढून नव्याने अर्ज करणे हाच रस्ता उरतो.

अडचण येते ती कागदांची. पंचनामा होतो तेव्हा प्रत मागायचे सुचत नाही. आडतीची पट्टी खिशातच विरते. मालकाची चिठ्ठी दोन महिन्यांनी मागितली तर तो कां-कूं करतो. नुकसान झाले त्याच आठवड्यात हे कागद एका पिशवीत घालून ठेवा. ज्यांच्या घरी यंदा असा नकार आला असेल, त्यांनी जिल्हा बैठकीला येताना ती पिशवी आणि नकाराचे पत्र सोबत आणावे. हिशेब तिथेच बसून मांडू. पत्र मात्र मुलामुलींनी स्वतःच्या हाताने लिहायचे आहे.