स्लाइड सोपी करा, पण अट गाळू नका

उद्या तुम्ही डीलरसमोर, बचतगटासमोर किंवा स्वतःच्या दुकानातल्या मुलांसमोर प्रेझेंटेशन द्यायला उभे राहाल. समोर मराठी, गुजराती, कन्नड बोलणारी मिश्र मंडळी असतील आणि स्लाइड इंग्रजीत असेल. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण ती शाळेत शिकलेली दुसरी भाषा आहे. अशा वेळी सगळे एकच सल्ला देतात, "सोपं लिहा." सल्ला बरोबर आहे. पण सोपं करताना नेमकं काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे कोणी सांगत नाही. माझं मत सरळ आहे. वाक्य सोपं करा, कामाचा शब्द ठेवा आणि अट कधीच काढू नका.

आपल्या सगळ्यांच्या कामाचं एक उदाहरण घेऊ, जीएसटी रजिस्ट्रेशन कधी लागतं त्याचं. बऱ्याच स्लाइडवर कायद्याच्या वळणाचं एक लांब वाक्य असतं: 'रजिस्ट्रेशन इज मँडेटरी व्हेअर ॲग्रिगेट टर्नओव्हर एक्सीड्स फॉर्टी लॅख रुपीज इन अ फायनान्शियल इयर, प्रोव्हायडेड दॅट द सप्लायर इज एंगेज्ड एक्सक्लुझिव्हली इन सप्लाय ऑफ गुड्स अँड मेक्स नो इंटर-स्टेट टॅक्सेबल सप्लाय.' समोरचा माणूस अर्ध्यावर पोचेपर्यंत सुरुवात विसरलेला असतो. 'प्रोव्हायडेड' म्हणजे 'पुरवलेलं' असंही तो वाचतो, कारण शाळेत तोच अर्थ शिकवला होता.

मग ट्रेनर काय करतो? 'सेल्स अबव्ह फॉर्टी लॅख, टेक जीएसटी' एवढंच लिहितो. हे सगळ्यांना समजतं, आणि खरी अडचण तीच आहे. अवघड स्लाइड समजली नाही तर माणूस निदान सीएला विचारतो. ही सोपी स्लाइड वाचून तो खात्रीने चुकतो.

बघा, त्या सहा शब्दांतून काय गळालं. पहिलं म्हणजे कुठली विक्री मोजायची ते. 'ॲग्रिगेट टर्नओव्हर'मध्ये ज्या मालावर जीएसटी नाही त्याचीही विक्री धरतात, आणि एकाच पॅनवर दोन दुकानं असतील तर दोन्हींची मिळून धरतात. दुसरं, ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला आहे. सोबत सेवाही देत असाल तर आपल्या महाराष्ट्रात ती २० लाख आहे. तिसरं, करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकलात, तर थोडे अपवाद सोडून ४० लाखांची वाट बघता येत नाही. शिवाय आइसक्रीम, पानमसाला, तंबाखू अशा काही मालाला ४० लाखांची सवलतच नाही.

आता दुरुस्ती कशी करायची? आधी त्या लांब वाक्यातले शब्द दोन ढिगांत टाका.

पहिला ढीग नुसत्या भारदस्त शब्दांचा. 'एक्सीड्स' काढून 'मोअर दॅन' लिहा, 'मँडेटरी' काढून 'यू मस्ट', 'प्रोव्हायडेड दॅट' काढून 'ओन्ली इफ', 'एक्सक्लुझिव्हली' काढून 'ओन्ली'. अर्थ तसूभरही हलत नाही. मात्र 'मस्ट'च्या जागी 'शुड' लिहू नका. 'शुड' म्हणजे केलं तर बरं. इथे सक्ती आहे.

दुसरा ढीग कामाच्या शब्दांचा: टर्नओव्हर, एग्झेम्प्ट, टॅक्सेबल, इंटर-स्टेट. हे शब्द बदलू नका, कारण पोर्टलवर, फॉर्मवर आणि सीएच्या ईमेलमध्ये माणसाला हेच भेटणार आहेत. 'टर्नओव्हर'ऐवजी 'इन्कम' लिहिलंत तर तो नफा मोजेल. ४२ लाखांच्या विक्रीवर ५ लाख सुटत असतील तर त्याला वाटेल, आपण मर्यादेच्या खूप खाली आहोत. म्हणून शब्द तोच ठेवा आणि त्याखालीच एका ओळीत अर्थ सांगा. 'टर्नओव्हर मीन्स ऑल युअर सेल्स इन द इयर.' पुढची ओळ, 'काउंट एग्झेम्प्ट सेल्स टू.' मग तोंडाने मराठीत सांगा, उलाढाल म्हणजे वर्षातली सगळी विक्री, करमुक्त मालाचीसुद्धा, नफा नव्हे. एकदा एक शब्द निवडला की शेवटपर्यंत तोच वापरा. एका स्लाइडवर टर्नओव्हर, दुसरीवर सेल्स, तिसरीवर रेव्हेन्यू लिहिलंत, तर दुसऱ्या भाषेत वाचणाऱ्याला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात.

अटी तळाशी बारीक अक्षरात ढकलायच्या नाहीत. त्यांचे प्रश्न करा आणि क्रमाने मांडा. 'डू यू सेल टॅक्सेबल गुड्स टू अनदर स्टेट?' उत्तर हो असेल तर पुढे लगेच, 'यू मस्ट रजिस्टर.' नाही असेल तर, 'डू यू सेल ओन्ली गुड्स?' हो असेल तर मर्यादा ४० लाख, नाही तर २० लाख. मग एक ओळ, 'सम गुड्स हॅव अ लोअर लिमिट', आणि त्या मालाची नावं. एका स्लाइडच्या दोन-तीन झाल्या तरी चालेल. सोपं म्हणजे कमी शब्द, असं नाही. एका वेळी एकच निर्णय घ्यायला लावणं म्हणजे सोपं. कोपऱ्यात 'हे नियम अमुक तारखेला तपासले' असंही लिहा, कारण मर्यादा बदलतात. ४० लाखांचीही एप्रिल २०१९ पासून आली, त्याआधी ती २० लाख होती.

मुदतीच्या ओळीतही घोळ होतो. पात्र झाल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो. स्लाइडवर 'अप्लाय इन थर्टी डेज' लिहिलं तर काही जण ३० दिवसांनी असं वाचतात. 'विदिन'ही सगळ्यांना पटकन लागत नाही. 'डोन्ट वेट मोअर दॅन थर्टी डेज' लिहा, घोळच नको.

आता स्लाइड जमली का, हे कसं ओळखायचं? "समजलं का?" विचारू नका. सगळे मान डोलावतात. त्याऐवजी आकडे द्या.

एक दुकान आहे, सगळी विक्री महाराष्ट्रातच. वर्षात सुटं दूध २४ लाखांचं, त्यावर जीएसटी नाही. साबण, बिस्किटं १८ लाखांची. रजिस्ट्रेशन लागेल का? 'नाही' असं उत्तर आलं, तर त्या माणसाने फक्त १८ लाख मोजलेत, म्हणजे तुमची टर्नओव्हरची ओळ कमी पडली. खरा हिशोब २४ अधिक १८, म्हणजे ४२ लाख. रजिस्ट्रेशन लागतं.

दुसरं दुकान मोबाइलचं. कव्हर-चार्जरची विक्री १५ लाख, रिपेअरिंगचे ८ लाख. एकूण २३, पण सोबत सेवा आहे म्हणून मर्यादा २० लाख. लागतं. तिसरी, घरगुती मसाल्याची ताई. उलाढाल फक्त ६ लाख, पण पाकिटं कुरिअरने गोव्याला जातात. तिलाही लागतं. 'सेल्स अबव्ह फॉर्टी लॅख' वाचलेला माणूस मोबाइलवाल्याला आणि मसालेवाल्या ताईला, दोघांनाही बिनधास्त 'नाही' सांगेल.

स्लाइड म्हणजे कायदा नाही, प्रत्येक अपवाद तिच्यावर मावणार नाही, हे मान्य. पण ज्या अटीमुळे उत्तर 'नाही'चं 'हो' होतं, ती अट स्लाइडवर हवीच. तुमच्या पुढच्या प्रेझेंटेशनमधली एक स्लाइड काढा आणि अशा तीन गिऱ्हाइकांचे आकडे तिच्यावर चालवून बघा. जिथे उत्तर चुकतं, तिथली ओळ परत लिहा.